अर्धवट माहितीचं पत्र

लोणी काळभोरला सोलापूर रस्त्यालगत तेल कंपन्यांची टर्मिनल आहेत, आणि त्यांच्या आजूबाजूला टँकरवाल्यांची स्वतःची एक दुनिया आहे. वाहतूक ठेकेदारांची कार्यालयं दोन-तीन खोल्यांची, बाहेर चहाची टपरी, आत एका कोपऱ्यात पंख्याखाली ठेवलेला सर्व्हर. गाड्यांच्या फेऱ्या, चालकांचे भत्ते, टायरचा हिशेब, जीपीएसच्या नोंदी, टॅली आणि तेल कंपनीला द्यायची बिलं, सगळं त्या एका पेटीत. गेल्या काही वर्षांत अशा धंद्यांकडे सायबर विम्याची पॉलिसीही येऊ लागली आहे. कधी बँकेने सांगितलं म्हणून, कधी मोठ्या ग्राहकाने करारात अट घातली म्हणून. पॉलिसीतली रक्कम मालकाला पाठ असते. मात्र हल्ला झाल्यावर किती तासांत आणि कोणाला कळवायचं, हे सांगणारं कलम बहुधा कोणी वाचलेलं नसतं. मला बोलायचं आहे ते या कलमाबद्दल. रॅन्समवेअरच्या दाव्यांच्या कागदांत मला पुन्हा पुन्हा दिसतं ते असं की, पहिली सूचना उशिरा जाते ती आळसाने नव्हे, ती ‘पूर्ण माहिती मिळाल्यावर पाठवू’ या शहाणपणाने. हे शहाणपण इथे उलटतं. पहिलं पत्र अर्धवटच असायला हवं, ते मुदतीच्या खूप आधी जायला हवं, आणि त्यात नुकसानीच्या आकड्यापेक्षा आपण आतापर्यंत काय केलं आणि काय केलं नाही याची वेळेनिशी नोंद असायला हवी.

आधी ती मुदत नेमकी कशी असते ते पाहू. सगळ्या पॉलिसींची भाषा एक नाही. काहींत ‘शक्य तितक्या लवकर’ एवढंच असतं, काहींत ४८ किंवा ७२ तास, काहींत दिवसांचा हिशेब, आणि बऱ्याचदा दोन्ही एकत्र: ताबडतोब, आणि कोणत्याही परिस्थितीत अमुक मुदतीच्या आत. घड्याळ सुरू होतं ते हल्ला झाला तेव्हापासून नव्हे, तो लक्षात आला तेव्हापासून. आणि ‘लक्षात आला’ म्हणजे कोणाच्या, हेही बहुतेक पॉलिसी व्याख्येत सांगतात. मालक, संचालक, वित्त सांभाळणारा, संगणक विभागाचा प्रमुख अशी जबाबदार माणसांची ती यादी असते. रात्रपाळीच्या कारकुनाला पहाटे फाइल उघडेना, तो क्षण आणि मालकाला फोन गेला तो क्षण, या दोहोंत तास-दीड तासाचं अंतर पडू शकतं. कागदोपत्री मुदत दुसऱ्या क्षणापासून मोजता येते. पण ही सवलत वापरायची वेळ येऊ नये. कारण ती वापरायची तर फोन नेमका कधी गेला हे सिद्ध करावं लागतं, आणि त्या दिवशी कोणी ते लिहून ठेवलेलं नसतं. आणखी एक बारकावा. सायबर पॉलिसी साधारणपणे ज्या मुदतीत घटना उघडकीला येते त्या मुदतीची पॉलिसी लागू होते या तत्त्वावर चालतात. नूतनीकरणाच्या आदल्या आठवड्यात कळलेली घटना नव्या वर्षात कळवली, तर जुनी पॉलिसी म्हणणार मुदत संपली आणि नवी म्हणणार हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं. दोन पॉलिसींच्या मधल्या त्या फटीत पडलेला दावा वर काढणं फार अवघड जातं.

पूर्ण माहिती यायला किती वेळ लागतो, याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या सर्व्हरवर २६ फेब्रुवारी २०२१ रोजी रॅन्समवेअरचा हल्ला झाला. बिटकॉइनमध्ये खंडणी मागण्यात आली. निगडी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला तो ९ मार्चला, म्हणजे ११ दिवसांनी. तोवर तक्रारीत २७ सर्व्हर बाधित झाल्याचा आणि सुमारे ५ कोटी रुपयांच्या नुकसानीचा आकडा आला होता. त्या प्रकरणात कोण बरोबर, कोण चूक याची चर्चा मला इथे करायची नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की, हाताशी मोठी तांत्रिक फौज असलेल्या प्रकल्पातही ‘किती सर्व्हर’ आणि ‘किती रुपये’ असे आकडे कागदावर यायला दिवस लागतात. मग आठवड्यातून दोनदा येणाऱ्या संगणकवाल्याच्या भरवशावर चालणाऱ्या टँकर कार्यालयाने ते आकडे ४८ तासांत काढावेत ही अपेक्षाच खोटी. पॉलिसीही ती अपेक्षा करत नाही. मुदत असते ती सूचनेला. नुकसानीचा तपशीलवार दावा आणि त्याचा पुरावा यांना वेगळी, बरीच मोठी मुदत असते. हे दोन कागद एकच समजण्यातून बहुतेक उशीर जन्माला येतात.

आता पहिला आक्षेप, आणि तो साधा नाही. जाणकार वकील सांगतील की, उशीर झाला तरी घाबरू नका, कायदा विमाधारकाच्या बाजूने झुकलेला आहे. विमा नियामकाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात विमा कंपन्यांना बजावलं आहे की, केवळ कळवायला उशीर झाला म्हणून खरा दावा यांत्रिकपणे फेटाळू नका. उशिरामागे टाळता न येण्यासारखं कारण होतं का ते पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने जानेवारी २०२० मध्ये गुरशिंदर सिंग विरुद्ध श्रीराम जनरल इन्शुरन्स या निकालात हाच सूर लावला. एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर चोरीला गेला, त्याने त्याच दिवशी पोलिसांत तक्रार दिली, पण विमा कंपनीकडे तो ५२ दिवसांनी गेला. तरी त्याचा दावा टिकला. मग दोन-चार दिवसांच्या उशिराचं एवढं काय? माझं उत्तर असं की, हा निकाल नीट वाचला तर तो रॅन्समवेअरच्या बाबतीत उलट बाजूनेही वाचता येतो. न्यायालयाने चोरी आणि अपघात यांत फरक केला. अपघातात विमा कंपनीच्या सर्व्हेअरला गाडी पाहायची असते, म्हणून तातडीने कळवणं गरजेचं. चोरीत गाडी समोर नसतेच. ती शोधण्याचं काम पोलिसांचं, आणि पोलिसांना वेळेत कळवलं असेल तर विमा कंपनीचं फारसं काही बिघडत नाही.

आता विचार करा, रॅन्समवेअर या दोहोंपैकी कशासारखं आहे? नाव खंडणीचं असलं, त्यात चोरी असली, तरी पुराव्याच्या दृष्टीने ते अपघातासारखं आहे. मोडलेली गाडी विमाधारकाच्याच अंगणात उभी आहे, आणि तिच्यावरच्या खुणा तासागणिक पुसल्या जाताहेत. विंडोजच्या सुरक्षा-नोंदींची फाइल मुळात २० एमबीची ठरवलेली असते. ती भरली की जुन्या नोंदींवर नव्या चढतात. चुकीच्या पासवर्डचा मारा चालू असलेल्या सर्व्हरवर हे फार लवकर घडतं. छोट्या फायरवॉलमध्ये नोंदी मेमरीतच राहतात आणि ‘एकदा बंद करून चालू करून बघू’ म्हटलं की त्या गेल्या. कोणता प्रोग्रॅम चालू होता, तो कुठल्या पत्त्याशी बोलत होता, क्वचित कुलूप उघडायची किल्लीसुद्धा, हे सगळं चालू यंत्राच्या मेमरीत असतं आणि वीज काढल्यावर नाहीसं होतं. म्हणून उशिरा कळवल्याने विमा कंपनीचं इथे खरोखर नुकसान होऊ शकतं, आणि ते ती दाखवूनही देऊ शकते. उशीर माफ होतच नाही अशा निकालांचीही कमतरता नाही. सोनेल क्लॉक्स विरुद्ध न्यू इंडिया अ‍ॅशुरन्स या प्रकरणात ४ ऑगस्ट २००४ ला नुकसान झालं, ३० नोव्हेंबरला कळवलं गेलं, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावा नाकारणं योग्य ठरवलं. कंपनीने सर्व्हेअर नेमला म्हणजे मुदतीची अट सोडून दिली, हा युक्तिवादही तिथे चालला नाही. टपरीवर हमखास ऐकू येणारं ‘सर्व्हेअर येऊन गेला, आता काळजी नाही’ हे वाक्य म्हणूनच कच्चं आहे.

उशिरापेक्षाही जास्त पैसे जातात ते संमतीवाचून केलेल्या खर्चात, आणि नियामकाचं परिपत्रक तिथे उपयोगी पडत नाही. सायबर पॉलिसीत तपासनीस, वकील, डेटा परत मिळवणारे यांचा खर्च मिळतो, पण बहुतेक वेळा कंपनीच्या यादीतल्या संस्थांचा किंवा आधी लेखी संमती घेतलेला. खंडणीच्या बाबतीत तर संमतीची अट जवळपास सगळीकडे असते. शिवाय निर्बंधांचं कलम असतं: पैसा घेणारी टोळी आंतरराष्ट्रीय निर्बंधांच्या यादीत असेल तर कंपनी एक रुपयाही देऊ शकत नाही. अमेरिकेच्या अर्थखात्याने ऑक्टोबर २०२० मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२१ मध्ये यावर जाहीर इशारे दिले आहेत, आणि जगभरच्या पुनर्विमा कंपन्या ते डोळ्यांसमोर ठेवूनच व्यवहार करतात. आता समजा मालकाने घाईघाईने शहरातून डेटा परत मिळवून देणारा माणूस आणला, त्याने सहा लाख घेतले, आणि सूचना चौथ्या दिवशी गेली. उशीर माफ झाला तरी ते सहा लाख वेगळ्या अटीवर अडकतात. त्याच माणसाने कामाच्या भरात सर्व्हर पुसून नव्याने विंडोज टाकलं असेल, तर हल्लेखोर कुठून शिरला हे कधीच कळणार नाही. मग बाकीच्या दाव्यावरही प्रश्नचिन्ह लागतं.

म्हणून त्या पत्रातली ‘आतापर्यंत उचललेली पावलं’ ही नोंद मला पत्राचा गाभा वाटते. ती कशी दिसावी यासाठी एक प्रसंग कल्पनेने उभा करतो. तो कोणा खऱ्या कंपनीचा नाही. लोणी काळभोरची एक टँकर वाहतूक कंपनी, ३५ गाड्या, एक सर्व्हर, दहा संगणक, ४८ तासांच्या सूचनेची पॉलिसी. रविवारी पहाटे ५.४० ला रात्रपाळीच्या कारकुनाला फेऱ्यांचा तक्ता उघडता येत नाही. तो स्वतःचा संगणक एकदा बंद करून चालू करतो, मग संगणकवाल्याला फोन करतो. ६.१० ला प्रत्येक फोल्डरमध्ये akira_readme.txt नावाची फाइल असल्याचं दिसतं. अकिरा ही २०२३ पासून सक्रिय असलेली टोळी. आपल्या सर्ट-इनने त्याच वर्षी तिच्याबद्दल इशारा दिला होता. दुसरी खातरजमा नसलेल्या व्हीपीएनमधून शिरणं ही तिची आवडती वाट, आणि विंडोजच्या सावली-प्रती पुसणं ही तिची सवय. ६.२५ ला संगणकवाला स्विचमधून इंटरनेटची आणि बाकी संगणकांची वायर काढतो, सर्व्हर मात्र चालू ठेवतो. ६.५० ला मालकाला फोन जातो. घड्याळ इथून सुरू, आणि मुदत संपणार मंगळवारी सकाळी ६.५० ला. पुढच्या तासाभरात कळतं की, नेटवर्कवरचा बॅकअपही कुलूपबंद झाला आहे, पण शुक्रवारी रात्री काढून टेबलाच्या खणात ठेवलेली हार्ड डिस्क शाबूत आहे. ती कोणीही कुठल्याही यंत्राला जोडत नाही. ८.१५ ला हल्ल्याचा संबंध नसलेल्या लॅपटॉपवरून व्हीपीएन बंद केला जातो आणि मुख्य पासवर्ड बदलले जातात. नऊ वाजल्यापासून फेऱ्यांच्या नोंदी छापील चिठ्ठ्यांवर सुरू होतात.

इथे नोंदी वाचवण्याचं एक छोटं काम कोणालाही जमण्यासारखं आहे आणि पत्रात लिहिण्यासारखंही. प्रशासकाच्या अधिकाराने उघडलेल्या पॉवरशेलमध्ये खालच्या ओळी चालवल्या की वेगळ्या, रिकाम्या डिस्कवर नोंदींची प्रत निघते आणि त्या प्रतीचा ठसा घेतला जातो. पुढे कोणी फाइलमध्ये फेरफार झाल्याचा संशय घेतला तर ठसा जुळवून दाखवता येतो.

```
mkdir E:\puraava
wevtutil epl Security E:\puraava\Security.evtx
Get-FileHash -Algorithm SHA256 E:\puraava\Security.evtx
```

यापुढे जाऊन डिस्कची पूर्ण प्रतिमा किंवा मेमरीची प्रत घेणं हे ज्याला येतं त्यानेच करावं. येत नसेल तर यंत्र चालू, वायर काढलेली आणि खोली कुलूपबंद, एवढं पुरेसं आहे. अर्थात याला अपवाद आहे: फाइली डोळ्यांदेखत कुलूपबंद होत असतील आणि नेटवर्क तोडूनही ते थांबत नसेल, तर वीज काढावीच लागते. काढा, पण कधी आणि का काढली ते लिहा. चुकीचं पाऊल एकदा समजून घेता येतं; लपवलेलं पाऊल पुढे सापडलं की बाकीच्या खऱ्या पावलांवरचाही विश्वास उडतो.

आता या कंपनीचं पत्र. प्रत्यक्षात ते बहुधा इंग्रजीत जाईल, पण मजकूर असा: “पॉलिसी क्रमांक अमुक. आमच्या लोणी काळभोर कार्यालयातल्या संगणकांवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याचं आज सकाळी ५.४० ला प्रथम दिसलं आणि ६.५० ला संचालकांना कळलं. सर्व वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार. हल्ला नेमका कधी सुरू झाला आणि कुठून झाला हे अद्याप माहीत नाही. एक सर्व्हर आणि किमान चार संगणक बाधित. बाकीचे तपासलेले नाहीत. माहिती बाहेर नेली गेली का, हे माहीत नाही. ६.२५ ला नेटवर्क तोडलं, सर्व्हर चालू ठेवला आहे. ८.१५ ला व्हीपीएन बंद केला. ८.४० ला सुरक्षा-नोंदींची प्रत घेतली. १०.२० ला सर्ट-इनला कळवलं. शुक्रवारचा बॅकअप शाबूत आहे, वापरलेला नाही. कारकुनाचा एक संगणक आम्हाला हल्ला कळण्याआधी एकदा बंद-चालू झाला आहे. कोणतंही यंत्र पुसलेलं नाही. हल्लेखोरांशी संपर्क केलेला नाही, पैसे दिलेले नाहीत, देण्याचं मान्य केलेलं नाही. बाहेरच्या कोणाला कामाला लावलेलं नाही. तुमच्या यादीतला तपासनीस आज नेमावा, आणि संगणकवाल्याच्या जादा वेळेचा व दोन भाड्याच्या लॅपटॉपचा खर्च करण्यास संमती द्यावी, ही विनंती. नुकसानीचा अंदाज नंतर कळवू.” हे पत्र ११.३० ला जातं. मुदतीचे ४३ तासांहून जास्त शिल्लक आहेत.

या मजकुरात चार वेळा ‘माहीत नाही’, ‘तपासलेले नाहीत’ अशा अर्थाचं काही आहे, आणि तेच त्याचं बळ आहे. नवखा माणूस अशा जागा अंदाजाने भरतो. ‘हल्ला शनिवारी रात्री ११ वाजता झाला’, ‘ग्राहकांची माहिती सुरक्षित आहे’, ‘कर्मचाऱ्याने मेलमधली लिंक उघडल्यामुळे झालं’. महिन्याभराने तपासनिसाचा अहवाल सांगतो की, शिरकाव तीन आठवडे आधीच झाला होता, तोही एका जुन्या कर्मचाऱ्याच्या चालू राहिलेल्या व्हीपीएन खात्यातून. मग पहिल्या पत्रातलं वाक्य खोटं ठरतं, आणि त्यामागे हेतू शोधला जातो. वेळांचा घोळही असाच. फायरवॉलच्या नोंदी कधी जागतिक वेळेत असतात, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आणि एखाद्या यंत्राचं घड्याळच वीस मिनिटं पुढे असतं. पत्रात ‘घड्याळांची तुलना केलेली नाही’ असं एक वाक्य घातलं तर नंतरचा बराच वाद टळतो. पाहिलेलं लिहावं, तर्क लिहू नये. आणि तर्क लिहायचाच तर तो तर्क आहे असं म्हणून लिहावा.

दुसरा आक्षेप मला अनेकदा ऐकायला मिळतो: इतकं सगळं लिहून देणं म्हणजे आपल्याच हाताने कंपनीला नकाराचं कारण देणं. जुन्या कर्मचाऱ्याचं खातं चालू होतं, व्हीपीएनला दुसरी खातरजमा नव्हती, हे कबूल केलं तर दावा गेलाच. भीती निराधार नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये ट्रॅव्हलर्स या विमा कंपनीने इलिनॉयमधल्या एका उत्पादकाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली होती. प्रस्तावात त्याने दुहेरी खातरजमा वापरतो असं लिहून दिलं होतं, मे महिन्यातल्या रॅन्समवेअरनंतर ती फक्त फायरवॉलपुरती असल्याचं कंपनीचं म्हणणं होतं, आणि अखेर दोन्ही बाजूंच्या संमतीने पॉलिसी रद्द झाली. पण यातला दोष कुठे होता ते पाहा. पॉलिसी बुडाली ती प्रस्तावातल्या उत्तराने; सूचना-पत्रात पावलांची नोंद दिल्याने नव्हे. प्रस्तावात जे चुकलं ते सूचनेत गप्प राहून दुरुस्त होत नाही, कारण तपासनीस ते बघणारच आहे. आणि माझ्या यादीत कबुलीजबाब नाहीच. ‘८.१५ ला व्हीपीएन बंद केला’ ही घडलेली गोष्ट आहे. ‘व्हीपीएनमध्ये आमची चूक होती’ हा निष्कर्ष आहे, आणि तो लिहायचं काही कारण नाही. कोणी ग्राहक पुढे नुकसानभरपाई मागायला आला तर त्याच्यापुढे परस्पर जबाबदारी कबूल करणं पॉलिसीलाही मान्य नसतं. वस्तुस्थिती सांगणं आणि दोष स्वीकारणं यांतली रेषा बारीक आहे, पण शांत डोक्याने लिहिलं तर ती पाळता येते.

पत्र कोणाला आणि कसं पाठवायचं, यावर थोडं. ब्रोकरला फोन केला म्हणजे कंपनीला कळवलं, हा समज सर्वदूर आहे. आपल्याकडे ब्रोकर हा विमाधारकाचा प्रतिनिधी. पॉलिसीत तसं स्पष्ट लिहिलं नसेल तर त्याला सांगणं म्हणजे आपल्याच माणसाला सांगणं. पत्र शेड्यूलमध्ये छापलेल्या पत्त्यावर, त्याच ईमेलवर, आणि चोवीस तासांची मदतवाहिनी असेल तर तिथे फोन करून मिळालेल्या क्रमांकासह जायला हवं. त्यातही गंमत अशी, आणि ती कडू आहे: पॉलिसीची पीडीएफ त्याच सर्व्हरवर असते जो कुलूपबंद झाला आहे. हल्लेखोर शिरल्यावर जी कागदपत्रं शोधतात त्यांत विम्याची पॉलिसी असते. रक्कम कळली की खंडणीचा आकडा त्याच मापाने ठरतो. कार्यालयाच्या मेलवरून पत्र पाठवलं तर तेही ते वाचत असण्याची शक्यता धरावी लागते. म्हणून पत्र बाहेरच्या, त्या यंत्रांशी संबंध नसलेल्या खात्यावरून जावं आणि त्यात पॉलिसीची रक्कम लिहू नये; क्रमांक पुरेसा आहे. पॉलिसीची छापील प्रत कार्यालयाबाहेर एक तरी असावी.

राहिला तो भाराचा आक्षेप. एका बाजूला सर्ट-इन, दुसरीकडे पोलीस, तिसरीकडे विमा. गाड्या उभ्या असताना मालकाने पत्रंच लिहीत बसायचं का? सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशा घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. म्हणजे विम्याच्या ४८ तासांपेक्षा सरकारची मुदतच आधी संपते. आपल्या उदाहरणात ती ११.४० ला संपत होती. पोलिसांसाठी लोणी काळभोर ठाणं २०२१ पासून पुणे शहर आयुक्तालयात आहे, शहराचं सायबर पोलीस ठाणं आहे, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गाने देऊन तीन दिवसांत सही करता येते. पण ही तीन वेगळी कामं नाहीत. कारकुनाने एका वहीत वेळ लिहून केलेली नोंद तिघांनाही तीच जाते. उलट तीन वेळा वेगवेगळं आठवून लिहिलं की घोटाळे होतात: सर्ट-इनला ५.४०, पोलिसांना ‘सकाळी सातच्या सुमारास’, विम्याला ‘रात्री’. धंदा बंद पडल्याच्या नुकसानीत तर या वेळेला थेट किंमत आहे. पॉलिसीत त्यासाठी प्रतीक्षा-काळ असतो. समजा १२ तास: तर ५.४० पासून मोजता नुकसान गणलं जाणार संध्याकाळी ५.४० नंतर. नऊपासून चिठ्ठ्यांवर काम सुरू केलं ही नोंद दाखवते की, मालक हातावर हात ठेवून बसला नव्हता. सर्व्हेअर नेमकं तेच विचारतो, की नुकसान कमी करायला तुम्ही काय केलं.

पहिल्या पत्रानंतर दुसरं जावं लागतं, तिसरंही. सोमवारी बाधित संगणक चार नव्हे सात निघाले, की ते कळवायचं. पहिल्या पत्रातला आकडा गुपचूप बदललेली नवी प्रत पाठवायची नाही, तारीख-वेळ घालून पुरवणी पाठवायची. कंपनीने संमती फोनवर दिली तर त्याच मिनिटाला ‘आत्ता आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे’ असा मेल टाकायचा. आणि संमती येईपर्यंत शुक्रवारची ती हार्ड डिस्क जोडायची नाही. गाड्या थांबलेल्या असताना हे सगळ्यांत कठीण जातं, कारण डिस्क जोडली की दुपारपर्यंत बिलं सुरू होतील हे सगळ्यांना दिसत असतं, आणि हल्लेखोर अजून नेटवर्कमध्ये असेल तर तीही जाईल हे कोणालाच दिसत नसतं. बुधवारी सर्व्हेअर तपासनिसाला घेऊन आला की तो आधी नुकसानीचा तक्ता मागत नाही. तो सर्व्हर कुठे आहे ते विचारतो, मग ती वही मागतो, आणि कारकुनाच्या संगणकाजवळ बसून पहिला प्रश्न करतो: हा बंद-चालू कधी झाला? उत्तर पत्रातच आहे.